शांततेत संगणकाला काय ऐकू येते?

एखाद्या रिकाम्या वर्गात पंखा चालू ठेवून, दार लावून घेऊन तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण करावे. कोणी बोलू नये. मग हे मुद्रण बोललेल्याचे लिखाण करून देणाऱ्या एखाद्या आज्ञावलीला द्यावे आणि कागदावर काय येते ते पाहावे. अपेक्षा अशी की कोरा कागद यावा. पुष्कळदा तो येतही असेल. पण बऱ्याच वेळा त्यावर 'धन्यवाद' असे एक वाक्य उमटलेले दिसते. कधी 'व्हिडिओ पाहिल्याबद्दल आभार' अशा अर्थाचे काही येते, तर कधी चक्क दोन-तीन वाक्यांचा व्याकरणशुद्ध मजकूर येतो. हे कोणीही बोललेले नसते. पंखाही बोललेला नसतो.

हा दोष यंत्राला कमी ऐकू येण्याचा नाही. कमी ऐकणारा माणूस 'पाटी'च्या जागी 'माती' ऐकेल. इथे मात्र ऐकण्यासारखे काहीच नसताना संपूर्ण वाक्य तयार झालेले आहे. हे का घडते ते नीट समजून घेतले, तर ते थांबवायचे कसे तेही कळते. त्यासाठी आम्ही एकच आज्ञावली निवडली आहे. तिचे नाव 'व्हिस्पर'. ओपनएआय या अमेरिकन कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये ती सर्वांना फुकट वापरण्यासाठी खुली केली. तिच्या आतली रचना प्रसिद्ध असल्यामुळे दोष नेमका कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येते. मराठीही ती लिहिते.

व्हिस्पर ध्वनिमुद्रण सलग ऐकत नाही. त्याचे ३० सेकंदांचे तुकडे करते. दिलेले मुद्रण १० सेकंदांचेच असेल तर उरलेली २० सेकंदे शून्याने भरून काढते. म्हणजे तिच्या पानाचा आकार ठरलेला आहे. या ३० सेकंदांचे एक चित्र तयार होते: आडव्या दिशेने काळ, उभ्या दिशेने खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे स्वर, आणि कोणत्या क्षणी कोणत्या पट्टीत किती जोर आहे ते त्या जागेच्या गडद-फिकेपणातून कळते. दर १० मिलिसेकंदांना एक उभी रेघ, म्हणजे एका तुकड्यात ३००० रेघा. इथपर्यंत सगळे भौतिकशास्त्र आहे आणि इथपर्यंत काही चुकत नाही. पंख्याचे चित्र पंख्यासारखेच उमटते.

पुढचा भाग लिहिण्याचा. आज्ञावलीचा लिहिणारा भाग हे चित्र पाहतो आणि स्वतःला एकच प्रश्न विचारतो: आतापर्यंत मी हे हे लिहिले आहे, समोर हे चित्र आहे, तर यापुढे कोणता शब्द येण्याचा संभव सर्वांत जास्त? तो शब्द, किंवा खरे तर शब्दाचा एक तुकडा, लिहून झाला की पुन्हा तोच प्रश्न. म्हणजे प्रत्येक शब्दामागे दोन साक्षीदार असतात. एक चित्र, म्हणजे प्रत्यक्ष ऐकलेले. दुसरी भाषेची सवय, म्हणजे 'असे म्हटल्यावर पुढे सहसा असे येते' हा अनुभव. बोलणे स्पष्ट असते तेव्हा पहिला साक्षीदार ठाम असतो आणि दुसरा त्याला मदत करतो. पंख्याच्या घरघरीत पहिला साक्षीदार गप्प बसतो आणि सगळी साक्ष दुसराच देतो.

आपल्या ओळखीचे एक उदाहरण आहे. प्रश्न कळला नाही तरी उत्तरपत्रिका कोरी ठेवायची नाही, असे घरून बजावून पाठवलेला विद्यार्थी काय करतो? पाठ केलेला निबंध उतरवून ठेवतो. त्याचे शुद्धलेखन उत्तम असते, वाक्ये पूर्ण असतात, फक्त त्यांचा प्रश्नाशी संबंध नसतो.

जुन्या पद्धतींमध्ये हा प्रकार इतका नव्हता. त्यांतल्या एका पद्धतीत, जी २००६ मध्ये पुढे आली आणि अजूनही वापरात आहे, चित्राच्या प्रत्येक छोट्या भागासाठी एक अक्षर किंवा 'रिकामे' असे एक खास चिन्ह निवडावे लागते. शांततेच्या भागाला 'रिकामे', 'रिकामे', 'रिकामे' अशी चिन्हे मिळत जातात आणि शेवटी ती पुसली की काहीच उरत नाही. तिथे लिहिणे काळाच्या पट्टीला खिळ्यांनी ठोकलेले असते. व्हिस्परमध्ये हे खिळे नाहीत. ३००० रेघांचे चित्र एकदम समोर ठेवून ती हवे तितके शब्द, हवे त्या वेगाने लिहू शकते. त्यामुळेच तिचे लिखाण इतके सुवाच्य येते, विरामचिन्हेसुद्धा बरोबर पडतात. आणि त्यामुळेच ती भरकटूही शकते.

आता राहिला प्रश्न 'धन्यवाद'चा. एवढ्या मोठ्या भाषेतून नेमके हेच का? याचे उत्तर तिच्या शाळेत आहे. व्हिस्परला शिकवण्यासाठी ६,८०,००० तासांचे ध्वनिमुद्रण आणि त्यासोबतचे लिखाण वापरले गेले, आणि ते इंटरनेटवरून गोळा केलेले होते. हे लिखाण कोणी शिक्षकाने तपासलेले नव्हते. अशा चित्रफितींच्या शेवटी काय असते ते आपण सर्वांनी पाहिले आहे: बोलणे संपते, नुसते संगीत वाजते किंवा काहीच वाजत नाही, आणि खाली 'पाहिल्याबद्दल धन्यवाद' किंवा उपशीर्षके करणाऱ्याचे नाव झळकते. ते शब्द कोणी उच्चारलेले नसतात, पण लिखाणाच्या फायलीत ते असतात. शिकणाऱ्या यंत्राने यातून धडा घेतला तो सरळ आहे: अशा शांततेचा उच्चार 'धन्यवाद' असा होतो. इंग्रजी मुद्रणात उपशीर्षके करणाऱ्या एका स्वयंसेवी मंडळाचे नावच्या नाव उमटते, ते याच कारणाने. व्हिस्पर घडवणाऱ्यांना याची जाणीव नव्हती असे नाही. त्यांनी निःशब्द तुकडेही, कमी प्रमाणात का होईना, शिकवण्यात घेतले होते आणि 'इथे बोलणे नाही' असे सांगणारे एक खास चिन्हही ठेवले होते. पण चुकीचे धडेही त्याच पुस्तकात होते.

मग हे चिन्ह असूनही खोटी वाक्ये निसटतात कशी? आमच्या मते या विषयातली सर्वांत जाणून घेण्यासारखी गोष्ट हीच आहे. ती एका उदाहरणाने पाहू. समजा आठवीच्या वर्गाचे १२ मिनिटांचे मुद्रण आहे. ३ मिनिटे १० सेकंदांवर बाईंनी फळ्यावर एक गणित लिहून 'करा बरं सगळ्यांनी' म्हटले, आणि ५ मिनिटे ४० सेकंदांपर्यंत मुले वहीत गणित करत होती. अडीच मिनिटे, म्हणजे व्हिस्परची पाच पाने. पंखा, बाकाची करकर, कोणाचा तरी खोकला. लिखाणात या काळात तीनदा 'धन्यवाद' आले.

प्रत्येक तुकड्याबरोबर आज्ञावली दोन आकडे देते. पहिला `no_speech_prob`, म्हणजे या तुकड्यात बोलणे नसल्याचा तिचा अंदाज, ० ते १ मध्ये. दुसरा `avg_logprob`, म्हणजे आपण लिहिलेल्या मजकुराबद्दलची तिची सरासरी खात्री. दुसऱ्या आकड्यात संभवाचा नैसर्गिक लॉगॅरिथम घेतलेला असल्यामुळे तो ऋण येतो; ० च्या जितका जवळ तितकी खात्री जास्त. समजा आपल्या 'धन्यवाद'साठी हे आकडे ०.७२ आणि −०.३५ आले. आज्ञावलीचा मूळ नियम असा आहे की पहिला आकडा ०.६ पेक्षा जास्त असेल, आणि त्याच वेळी दुसरा −१.० पेक्षा खाली असेल, तरच तो तुकडा शांतता समजून गाळायचा.

पहिली अट पुरी झाली: ०.७२ हे ०.६ पेक्षा जास्त आहे. दुसरी पाहू. −०.३५ चा अर्थ e चा −०.३५ वा घात, म्हणजे सुमारे ०.७०, दर शब्दतुकड्यामागे ७० टक्के खात्री. −१.० म्हणजे सुमारे ३७ टक्के. आपला 'धन्यवाद' ३७ च्या कितीतरी वर आहे, म्हणून गाळला जात नाही. आज्ञावली एका तोंडाने म्हणते आहे की इथे कोणी बोलत नाही, आणि दुसऱ्या तोंडाने म्हणते आहे की जे बोलले गेले ते मात्र मला चांगले कळले. दोन्ही विधाने एकत्र आली की नियम दुसऱ्याचे ऐकतो.

नियम मूर्खपणाचा नाही. पुसट बोलणे असताना पहिला आकडा चुकून वर जातो, तेव्हा खरे वाक्य गमावू नये म्हणून ही दुसरी अट आहे. पण घोकून घोकून पाठ झालेल्या वाक्याबद्दल खात्री नेहमीच जास्त असणार, हे त्यात धरलेले नाही. नाव खात्रीचे असले तरी मोजली जाते ती ओळख. मराठीत यात आणखी एक भर पडते. व्हिस्पर देवनागरी शब्दाचे पुष्कळ बारीक तुकडे पाडते. 'धन्य' इथवर लिहून झाल्यावर पुढचे तुकडे जवळजवळ ठरलेलेच असतात. ते सरासरीत मिसळले की सगळ्या शब्दाची खात्री फुगते.

दुसरी खोड म्हणजे मागचे वाचून पुढचे लिहिणे. मूळ मांडणीत एका पानाचा मजकूर पुढच्या पानाला संदर्भ म्हणून दिला जातो. बोलणे चालू असताना याचा फायदा होतो. विशेषनामे एकसारखी लिहिली जातात. पण पहिल्या शांत पानावर 'धन्यवाद' उमटला की दुसऱ्या शांत पानाला संदर्भ मिळतो तो त्याचाच. पुन्हा चित्रात काही नाही, पुन्हा भाषेची सवय, आणि या वेळी तर ताजे उदाहरण समोर आहे. आपल्या वर्गात तीन 'धन्यवाद' ओळीने आले ते असे. कधी कधी ही साखळी इतकी लांबते की पानभर एकच वाक्य छापलेले दिसते.

एकाच वाक्याचा असा रतीब पकडण्यासाठी आज्ञावलीत एक युक्ती आहे. मजकूर दाबून लहान करून पाहायचा. त्यात पुनरुक्ती असेल तर तो फार लहान होतो. मूळ आकार आणि दाबलेला आकार यांचे गुणोत्तर २.४ पेक्षा जास्त आले, तर तो मजकूर संशयास्पद मानून थोडा यदृच्छेचा अंश मिसळून पुन्हा लिहिला जातो. युक्ती छान आहे, पण तिची मोजपट्टी आपल्या लिपीला बसत नाही. हा आकार बाइटमध्ये मोजतात. रोमन अक्षर एका बाइटमध्ये मावते, देवनागरी चिन्हाला तीन लागतात, आणि त्या तिनांपैकी पहिला नेहमी एकच असतो. म्हणजे अगदी सरळ मराठी मजकूरही इंग्रजीपेक्षा जास्त दाबला जातो आणि विनाकारण संशयात सापडू शकतो. उलट एकटा 'धन्यवाद' दाबून लहान होतच नाही, म्हणून तो निर्दोष सुटतो.

आता उपाय. सर्वांत खात्रीचा उपाय यंत्राला सुधारण्याचा नाही, तर त्याला शांतता न दाखवण्याचा आहे. विद्यार्थ्याला कोरा प्रश्न दिलाच नाही, तर तो निबंध कुठे लिहिणार? यासाठी आधी एक वेगळी, लहानशी आज्ञावली चालवतात. तिचे काम एकच: आवाज माणसाच्या बोलण्याचा आहे की नाही ते सांगायचे. 'सिलेरो' नावाची अशी आज्ञावली बरीच वापरली जाते. ती सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागाएवढा तुकडा घेते आणि त्याला ० ते १ मधला एक आकडा देते. तिला शब्द लिहिता येत नाहीत, त्यामुळे शब्द रचण्याचा मोहही नाही. नुसता आवाजाचा मोठेपणा मोजूनही हे करता आले असते असे कोणाला वाटेल. पण पंखा हा मागच्या बाकावरच्या मुलीपेक्षा मोठ्याने बोलतो, ही अडचण त्यात आहे.

व्हिस्परचीच 'फास्टर-व्हिस्पर' नावाची एक जलद आवृत्ती आहे. तिच्यात ही चाळणी आधीच बसवलेली आहे, फक्त ती चालू करावी लागते. शाळेतले संगणकाचे शिक्षक पुढील ओळी सहज चालवू शकतील:

```python
from faster_whisper import WhisperModel

model = WhisperModel("large-v3")
segments, info = model.transcribe(
    "varg8.wav",
    language="mr",
    vad_filter=True,
    condition_on_previous_text=False,
)
for s in segments:
    print(s.start, s.end, s.no_speech_prob,
          s.avg_logprob, s.text)
```

`vad_filter=True` ही ती चाळणी. मूळ मांडणीत ती दोन सेकंदांपेक्षा लांब शांतता कापते आणि बोलण्याच्या दोन्ही टोकांना थोडी जागा सोडते, म्हणजे शब्दाचा पहिला व्यंजनध्वनी तुटत नाही. कापलेला वेळ नंतर हिशेबात धरला जातो, त्यामुळे ५ मिनिटे ४० सेकंदांना बोललेले वाक्य लिखाणातही त्याच वेळेवर दिसते. `condition_on_previous_text=False` मुळे मागच्या पानाचा संदर्भ बंद होतो आणि साखळी तुटते. याची किंमत म्हणजे 'ज्ञानेश्वरी' हे नाव एका पानावर नीट आणि दुसऱ्यावर मोडके येऊ शकते. आम्हाला ही किंमत परवडणारी वाटते. मोडके नाव वाचणाऱ्याला दिसते, खोटे वाक्य दिसत नाही. `language="mr"` हे सांगणेही विसरू नये. नाही तर यंत्र भाषा ओळखते ती मुद्रणाच्या सुरुवातीच्या ३० सेकंदांवरून, आणि तिथेच खुर्च्या सरकवण्याचा आवाज असला तर पुढचा सगळा तास भलत्याच भाषेत लिहिला जाण्याचा संभव असतो.

चाळणीची मर्यादा उलट बाजूची आहे. ती कडक केली तर खोटी वाक्ये जातात, पण त्यांच्याबरोबर दबक्या आवाजातले खरे उत्तरही जाते. सैल केली तर खोकला आत येतो. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणणारी जागा नाही; वर्गाच्या पाच मिनिटांच्या मुद्रणावर स्वतः ऐकून ती जागा ठरवावी लागते. शिवाय दोन सेकंदांहून लहान थांबे आतच राहतात. शेवटच्या तुकड्याला शून्याचे ठिगळ लागते तेही राहतेच. म्हणून छापलेल्या आकड्यांवरून एकदा नजर फिरवावी. नेहमीच्या बोलण्यात सेकंदाला साधारण दोन ते तीन शब्द येतात. २८ सेकंदांच्या तुकड्यात एकच शब्द असेल, किंवा अर्ध्या सेकंदात बारा शब्द असतील, तर तिथे मुद्रण लावून ऐकावे. पहिला आकडा ०.६ च्या वर असेल तर दुसरा काहीही असो, ऐकावेच. 'धन्यवाद', 'पाहिल्याबद्दल आभार' अशा वाक्यांची यादी करून ती आपोआप गाळण्याचा मार्गही काही जण वापरतात. पण तासाच्या शेवटी पाहुण्यांना खरेच कोणी धन्यवाद दिले असतील तर तेही जातात. यादी वापरायची ती संशय घेण्यासाठी, पुसण्यासाठी नव्हे. संशोधक यंत्राच्या आतच दुरुस्ती करून पाहत आहेत. निव्वळ गोंगाट देऊन त्यावर गप्प राहायला शिकवणे हा त्यातला एक मार्ग.

हे सगळे करण्याइतके यात काय आहे, तर ते २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या व इतर संशोधकांनी १३,१४० ध्वनितुकडे व्हिस्परला दिले. त्यांत मेंदूला इजा झाल्यामुळे वाचाघात झालेल्या माणसांचे बोलणेही होते. अशी माणसे शब्द शोधत मध्येच बराच वेळ थांबतात. सुमारे एक टक्का लिखाणात पूर्णपणे रचलेली वाक्ये किंवा वाक्यखंड निघाले, आणि बोलण्याखेरीजचा वेळ जिथे जास्त तिथे ते जास्त होते. सगळी 'धन्यवाद'सारखी निरुपद्रवी नव्हती. रचलेल्यांपैकी ३८ टक्क्यांत हिंसेचा उल्लेख, माणसांबद्दल खोटी माहिती किंवा कोणाचा तरी खोटा अधिकार असा अपायकारक मजकूर होता. ज्याला बोलायला सर्वांत जास्त कष्ट पडतात, त्याच्याच तोंडी यंत्र सर्वांत जास्त शब्द घालते. अडखळत बोलणारे मूल, उत्तर आठवत थांबलेले मूल, आठवणी सांगताना मध्येच गप्प होणारी आजी, यांच्या मुद्रणाला हेच लागू पडते.

वर्गापुरते बोलायचे तर शांतता ही रिकामी जागा नसतेच. अमेरिकेतील मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती तपासून दाखवले होते की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर मुलांची उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येतात. असे निरीक्षण आज कोणी यंत्राच्या लिखाणावरून करू लागला, तर रचलेले वाक्य त्या थांब्यालाच खाऊन टाकेल. चाळणी लावली तरी दोन सेकंदांवरचा थांबा वाक्यांच्या मजकुरातून नाहीसा होतो, तो फक्त वेळेच्या आकड्यांत शिल्लक राहतो. म्हणून लिखाण अंतिम करताना आधीच्या वाक्याची अखेर आणि पुढच्याची सुरुवात यांची वजाबाकी करावी, आणि अंतर तीन सेकंदांपेक्षा जास्त असेल तिथे ते हाताने लिहावे. आपल्या उदाहरणात ती ओळ अशी होईल: ३ मिनिटे १० सेकंद ते ५ मिनिटे ४० सेकंद, शांतता, मुले गणित करत आहेत.